गुरुजींच्या चालीने

आदिलाबादहून गुडीहत्नूरकडे जाताना हमरस्ता सोडून डावीकडे वळलं की पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या, वावरांमधून कच्चा रस्ता जातो. त्या रस्त्याच्या शेवटी गुरुजींचं घर. निळ्या रंगाचं, पुढे पत्र्याची पडवी, पडवीला लागून चिंचेचं झाड. सरकारी दवाखान्याची आमची गाडी तिथे आठवड्यातून एकदा जायची. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही त्यांच्या घरी जायचं, त्यांचं दुखणं, जखम, झोप, पोट पाहायचं, घरच्यांना काळजी घ्यायला शिकवायचं, हे आमच्या पथकाचं काम. मी त्यात नर्स आहे.

माझी पिशवी लावलेली असते. डावीकडे ड्रेसिंगचं सामान, उजवीकडे औषधं, मधल्या कप्प्यात बीपीचं यंत्र. सकाळी चहा उकळेपर्यंत दिवसभराची यादी तयार होते, आणि संध्याकाळी तिच्यातलं काही उरलं तर मला भाजी निवडतानाही चैन पडत नाही. माझ्या चालण्याबद्दल माझी मुलगी म्हणते की आईबरोबर बाजारात गेलं की बाजार दिसत नाही, आईची पाठ दिसते. या वेगावर मी घर, नोकरी आणि सासूबाईंचं आजारपण निभावून नेलं, त्यामुळे त्याच्यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

गुरुजींना गालाचा कॅन्सर होता. आतून सुरू होऊन तो जबड्यापर्यंत गेला होता. तोंड दोन बोटांहून जास्त उघडत नव्हतं. हैदराबादला नेऊन झालं होतं, तिथल्या डॉक्टरांनी आता घरी ठेवा म्हणून सांगितलं होतं. मराठी शाळेत पहिली-दुसरीला शिकवण्यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. गावात त्यांना नावाने कोणी ओळखत नाही, गुरुजी म्हणूनच ओळखतात, त्यांची बायकोसुद्धा त्यांना गुरुजीच म्हणते.

पहिल्या काही भेटी सगळ्या एकसारख्या झाल्या. मी पडवीत शिरायची, चप्पल काढता काढता बोलायला सुरुवात करायची.

"काय गुरुजी, कसं काय? झोप लागली? जेवण गेलं? दुखणं कसं आहे, दहापैकी किती म्हणाल?"

गुरुजी गालावर हात धरून माझ्याकडे पाहायचे. मग म्हणायचे, "बरं हाय."

बरं नव्हतं. उशी एकाच बाजूने दबलेली असायची. पाणी गिळताना त्यांचे डोळे मिटायचे आणि पायाची बोटं आत वळायची. मावशी, म्हणजे त्यांची बायको, मला दाराआड नेऊन सांगायची, "रातभर बसून राह्यते माणूस. मले वाटते झोपले, अन् पाह्यते तं भिंतीले टेकून बसले." पण गुरुजी स्वतः कधी दुखतं म्हणाले नाहीत. मॉर्फिनचं नाव काढलं की मान हलवायचे, नको. कशाला नको, ते सांगायचे नाहीत. मी समजावायची. आणखी समजावायची. माझं समजावणं जितकं वाढायचं तितके ते भिंतीकडे सरकायचे.

आमच्या डॉक्टर मॅडम तेलुगू आहेत. वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. माझ्याशी त्या हिंदीत बोलतात, मध्येच तेलुगूवर जातात. एकदा त्या सोबत होत्या. परत येताना गाडीत म्हणाल्या, "सिस्टर, तुमचा एक प्रश्न संपायच्या आत तुमचा दुसरा सुरू होतो. त्यांना एक शब्द बोलायला किती वेळ लागतो, पाहिलंत? तोवर तुम्ही पुढच्या गावात पोचलेल्या असता."

"मग काय करू?"

"त्यांच्या वेगावर या. ते किती थांबून बोलतात, आवाज किती आहे, अंगात जोर किती आहे, ते पाहा आणि त्याच्या आसपास राहा. माणसाला तेवढ्याने बरं वाटतं. का वाटतं, ते त्याला कळतही नाही."

मला कामाची गोष्ट सांगितली की मी कामाला लागते. त्या रात्री मी यादी केली. गुरुजी काय काय करतात: आवाज खाली. शब्द तुटक. मान डावीकडे कललेली. हात गालावर. बोलण्याआधी एक श्वास. वाक्याच्या शेवटी 'हाय'. पुढच्या भेटीला मी ती यादी डोक्यात घेऊन गेले, जशी पिशवी घेऊन जाते तशी.

आणि मी ती पार पाडली.

खाटेशेजारी बसले. मान जराशी डावीकडे कलवली. हळू बोलले. ते थांबले की थांबले. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे थोडा जास्त वेळ पाहिलं, आणि मला वाटलं, जमतंय. ते तुटक बोलत होते, मीही तुटक बोलायला लागले. त्यांचा गाल सुजलेला, जीभ जड, त्यामुळे शब्द एकमेकांत मिसळायचे. माझे शब्दही कधी तसे मिसळायला लागले ते मला समजलं नाही. मी म्हणाले, "जेवण... कसं हाय... गुरुजी." आणि माझा हात माझ्या गालावर होता.

दारात मावशी उभी होती. हातात पाण्याचा तांब्या.

"नर्सबाई," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्याईचं तोंड वाकडं झालं म्हून तुमी नक्कल करून राह्यल्या का?"

मी हात खाली घेतला. काहीतरी बोलले, नाही मावशी, तसं नाही, वगैरे.

"मंग कसं हाय? आमच्या गल्लीतले पोट्टे करतेत असं. तुमी तं शिकलेल्या."

गुरुजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी मला ड्रेसिंग करू दिलं नाही. मी सामान तिथे ठेवलं आणि गाडीत येऊन बसले. पुढच्या आठवड्यात निघण्याआधी फोन केला तर मावशीने सांगितलं, येऊ नका. आमचं आमी पाहून घेऊ.

याचा अर्थ काय, हे मला चांगलं ठाऊक होतं. आमच्याशिवाय त्या घरात दुखण्यावरचं औषध पोचणार नव्हतं. मॉर्फिन गावातल्या मेडिकलमध्ये मिळत नाही. जखमेला वास यायला लागला होता, पुढे अळ्याही पडू शकत होत्या. आणि एवढं सगळं अंगावर घेऊन एक माणूस भिंतीला टेकून रात्र काढत होता.

दोन-तीन दिवसांनी त्यांचा मुलगा दवाखान्यात आला. आदिलाबादलाच एका कचेरीत कारकून आहे. आमच्या खोलीचं दार ढकलून आत आला आणि उभ्यानेच बोलायला लागला.

"कोण आहे ती नर्स? माझ्या बापाची नक्कल करणारी?"

"मीच," मी म्हणाले. मग, दवाखान्यात सगळे म्हणतात तसं, आवाज अगदी मऊ करून म्हणाले, "तुम्ही बसा. शांत व्हा आधी."

"शांत? तुमी मला शांत व्हायला सांगता? तुमचा बाप असता तं झाल्या असत्या शांत? मी दरखास्त देतो वर. सुप्रिटेंडेंटले देतो."

"भाऊ, शांतपणे बोलू या ना."

तो आणखी भडकला. टेबलावरचा स्टीलचा ट्रे त्याच्या हाताने सरकला आणि आवाज झाला. शेजारच्या खोलीतून डॉक्टर मॅडम डोकावल्या. त्यांना पाहून माझ्या लक्षात आलं की मी पुन्हा तेच करतेय. तो धावत आला होता आणि मी त्याला झोपाळ्यावर बसवत होते.

मी उभी राहिले. टेबलाच्या या बाजूला न थांबता पुढे गेले, त्याच्या बाजूला, समोर नाही. आवाज वर घेतला, त्याच्याएवढा नाही, पण जवळपास.

"चूक माझी आहे. तुमचे वडील दिवसरात्र दुखणं सोसतायत. माझ्यामुळे आमची गाडी बंद झाली. हे चालणार नाही. तुम्हाला चालतं का?"

"मले कसं चालंल?"

"मग दरखास्त द्या, खुशाल द्या. पण त्याआधी त्यांचं दुखणं थांबवू. मावशी ऐकतील तर तुमचंच ऐकतील. मला घेऊन चला."

"आई तुमाले दारात उभी करणार नाई."

"मग दाराबाहेर राहीन. पडवीत बसेन. पण येईन."

तो बोलत होता त्याच वेगाने मी बोलत होते, त्याच जोराने. फक्त राग माझ्यात नव्हता. असला तर माझ्यावरच होता. दोन वाक्यांनंतर मी एका वाक्यापुरता आवाज खाली आणला. तोही खाली आला. मग मी बसले, आणि थोड्या वेळाने तोही स्टुलावर टेकला. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाला, "रात्री त्यांच्याजवळ बसावं वाटत नाही हो. पाहावत नाही." मग खिशातून फोन काढला आणि आईला लावला.

नंतर मॅडमनी एवढंच विचारलं, "त्यांच्या मानेसारखी मान केली होती का तुम्ही? गुरुजींच्या?"

"हो."

"मान त्यांची आहे, सिस्टर. आजार त्यांचा आहे. आपण घ्यायचा तो फक्त वेग. हात, चेहरा, बोलीतले शब्द, दुखणं, हे काही घ्यायचं नाही."

हे तेव्हा गाडीतच सांगायचं की, असं मनात आलं. पण तेव्हा सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का, याची मला खात्री नाही.

शनिवारी मुलाबरोबर मी गेले. ऊन चढलेलं होतं. पडवीत गोणपाटावर चिंचांचा ढीग पडला होता. गुरुजी खाटेवरून खाली उतरून, पाठीला उशी लावून बसले होते. समोर दगड, हातात लहानशी लोखंडी हातोडी. टरफल काढलेली चिंच दगडावर ठेवायची, हळूच एक घाव, मग बोटाने चिंचोका बाहेर. जेवण जाईना, रात्र सरेना, पण हे काम त्यांनी सोडलं नव्हतं. दरवर्षी त्यांच्या झाडाच्या चिंचा तेच फोडायचे, असं मुलाने सांगितलं.

मावशी चुलीजवळून उठली नाही. मुलगा आत जाऊन तिच्याशी बोलत राहिला. मी पडवीच्या कडेला बसले. पिशवी गाडीतच ठेवली होती. त्या पिशवीशिवाय माझ्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. गुरुजींनी मान वर केली नाही.

ढिगातली एक चिंच मी उचलली आणि तिचं टरफल काढायला लागले. शिरा ओढून काढल्या, सोललेली चिंच त्यांच्या दगडाजवळ ठेवली. मग दुसरी. माझा हात वेगाने चालतो, सोललेल्या चिंचांचा ढीग झाला आणि त्यांचा हात मागे राहिला. मी पाहिलं, आणि सावकाश झाले. त्यांची एक चिंच फोडून होईपर्यंत माझी एक सोलून व्हावी, एवढं. ठोका त्यांचा होता, सोलणं माझं. त्यांचं काम मी केलं नाही. पण दोन कामांची चाल एक झाली.

चिंचा फुटत राहिल्या. ते श्वास सोडताना किंचित थांबत होते, मग हातोडी उचलत होते. माझा श्वास कधी त्यांच्याबरोबर चालायला लागला ते मला कळलं नाही. रस्त्याकडून ट्रक गेल्याचा आवाज आला. आत भांडं वाजलं.

मग मी थांबले. सोललेली चिंच हातात धरून बसले, काहीच न करता. थोड्या वेळाने त्यांनीही हातोडी खाली ठेवली.

"शिकवलं का तुमाले हे?" त्यांनी विचारलं. शब्द एकमेकांत अडकत होते. पण मी वाट पाहत असल्यामुळे सगळे पोचले.

माझं सावकाश होणं त्यांनी हेरलं होतं, मी चपापले. खोटं बोलावंसं वाटलं. "हो," मी म्हणाले. "शिकवलं. त्या दिवशी मी चुकीचं केलं."

ते हसले असावेत. त्यांच्या चेहऱ्यावरून ते लगेच कळायचं नाही.

"मीबी करायचो," ते म्हणाले. थांबले. "एक पोट्टा होता. अडखळायचा. वाचताना. बाकीचे हसत."

मी हातातली चिंच दगडाजवळ ठेवली. पुढचा शब्द येण्याआधी बराच वेळ गेला.

"म्या सगळ्या वर्गाले हळू वाचायले लावलं. मीबी हळू वाचायचो. पण अडखळलो नाई कधी. अडखळलो असतो तं पोरगा रडला असता."

"मी अडखळले, गुरुजी."

"हो," ते म्हणाले. "दिसलं."

त्यानंतर त्यांनी हात गालावर नेला आणि डोळे मिटले. मी माझे हात चिंचांवर ठेवले. डोळे उघडून ते स्वतःच म्हणाले, "लई दुखते, बाई."

मी पुढचा प्रश्न केला नाही, तो माझ्या जिभेवर होता तरी. दहापैकी किती, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. मी म्हणाले, "हं." आणि बसून राहिले. तेव्हा त्यांनी औषध का नको ते सांगितलं. सांगायला फार वेळ लागला आणि मध्ये एकदा त्यांना पाणीही प्यावं लागलं.

त्यांच्या मोठ्या भावाला शेवटी दुखण्याचं इंजेक्शन दिलं होतं. भाऊ झोपला तो उठलाच नाही. तेव्हापासून गुरुजींच्या मनात होतं की ते औषध म्हणजे झोप. आणि झोप म्हणजे संध्याकाळ गेली. त्यांच्या घरात संध्याकाळी बुद्धवंदना होते. लग्न झाल्यापासून होते. मावशीला अक्षर येत नाही. गुरुजी पुढे म्हणतात, ती मागून म्हणते. शाळा गेली, वर्ग गेला, आता कोणी त्यांच्या मागून काही म्हणत नाही. फक्त ती म्हणते.

"तेवढं मले जागंपणी पाह्यजे," ते म्हणाले.

मी त्यांना जे खरं ते सांगितलं, एक एक करून, मध्ये जागा सोडत. गोळी अगदी लहान डोसने सुरू होते. दर चार तासांनी. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येऊ शकते, नंतर बहुतेकांची कमी होते. पोट साफ होत नाही, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून. तुमच्या भावाला काय झालं ते मला माहीत नाही, तेव्हा त्यांचा आजार कुठवर गेला होता तेही माहीत नाही. दुखणं कमी झालं तर तोंड थोडं सैल होईल, म्हणता येईल. मी वचन दिलं नाही. 'होईल' म्हणाले तेव्हाही पुढे 'कदाचित' जोडलं.

आत चुलीजवळचा भांड्यांचा आवाज थांबला होता. मावशी ऐकत होती, हे मला तेव्हा कळलं.

"अन् नाई जमलं तं?" ती आतूनच म्हणाली. मला नाही, गुरुजींना.

गुरुजी म्हणाले, "तं बंद करू."

सोमवारी मॅडम आल्या, तपासलं, गोळी सुरू केली. गोळी कुटून पाण्यात विरघळवायची कशी, ते मी मावशीला दाखवलं. तिने माझ्याकडे पाहून मान हलवली, पण नर्सबाई म्हणून हाक मारली नाही.

पुढचे दिवस वाईट गेले. गुरुजी झोपले. दुखण्याशिवाय झोपले, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा, पण संध्याकाळी उठवले तरी डोळे उघडून पुन्हा मिटत होते. वंदना झाली नाही. मुलाचा फोन आला, "आई म्हणते बंद करा." मावशीने फोन हिसकून घेतला. ती जोरात, भराभरा बोलत होती, मी कधी ऐकलं नव्हतं तशी. "तुमी म्हटलं दोन दिवस. तिसरा हाय आज. माणूस हाय का लाकूड हाय ते कळेना. काऊन केलं असं?"

मी मऊ आवाजात समजावलं नाही. "मावशी, श्वास कसा चाललाय? छातीकडे बघा आणि सांगा. मी फोन धरून आहे." ती मोजत नव्हती, पण सांगत होती, वर गेला, खाली आला, वर गेला. तिच्याबरोबर मीही म्हणत होते, वर, खाली. सांगता सांगता तिचा आवाज हळू झाला. श्वास बरोबर होता. हाक मारली तर डोळे उघडतात का, विचारलं. उघडत होते. मी मॅडमना फोन लावला, त्यांनी डोस थोडा कमी केला आणि उद्या स्वतः येते म्हणाल्या. रात्री मला झोप लागली नाही. मी एक माणूस दुखण्यातून काढून झोपेत टाकला की काय, हे माझ्या कुठल्याच यादीत बसत नव्हतं. ज्याच्या जवळ जाण्यासाठी मी इतकी हळू झाले, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासावर मी त्याची संध्याकाळ घेतली. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे फक्त वेग घेतला आणि जवळीक जमली, म्हणून मी खूश होते. तीच जवळीक मला आता बोचत होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी गुंगी उतरली. मॅडमनी डोस पुन्हा सावकाश वाढवला, त्यांना न झोपवता. संध्याकाळच्या गोळीची वेळ वंदनेनंतर लगेचची ठेवली. मावशीने फोन करून सांगितलं, "म्हटली आज. अर्धी म्हटली." मग फोन ठेवला.

त्यानंतर काही आठवडे बरे गेले. बरे म्हणजे त्या आजारात जितके जाऊ शकतात तितके. चिंचा फोडून झाल्या, मावशीने त्या मिठात घालून ठेवल्या. मी गेले की गुरुजी आधी काही तरी विचारत, मुलीची परीक्षा, रस्ता, ऊन. मी आल्या आल्या बोलायची सवय सोडली होती. पडवीत बसून पाणी प्यायचं, मग बोलायचं. गाडीतून उतरतानाच माझं चालणं बदलायचं, आणि गाडीत परत बसलं की पुन्हा माझं होऊन जायचं. ड्रायव्हर म्हणायचा, "सिस्टर, तुम्ही या गावात वेगळ्याच असता."

एका संध्याकाळी आमची गाडी उशिरा पोचली. गुरुजींचं तोंड आता जवळजवळ बंद झालं होतं. गाठ मानेकडे सरकली होती. बोलायचं तर घशातून नुसता आवाज यायचा. मावशीने मला हाताने खूण केली, थांबा. कोपऱ्यात बुद्धांची लहान मूर्ती होती, समोर मेणबत्ती. मी दाराशी टेकले.

गुरुजींनी सुरुवात करायला श्वास घेतला. शब्द झाला नाही. पुन्हा घेतला. पुन्हा नाही. मावशी हात जोडून वाट पाहत होती, नेहमी पाहायची तशी, घाई न करता. मी पूर्वी ऐकलं होतं, त्यांचा शब्द जिथे तुटायचा तिथे तीही थांबायची, त्यांच्यापुढे कधी जायची नाही. आता त्यांच्याकडून काहीच येत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने स्वतः पहिला शब्द म्हटला.

तिने तो तिच्या आवाजात म्हटला. पण त्यांच्या चालीवर. तो शब्द म्हणायला गुरुजींना जेवढा वेळ लागायचा तेवढाच तिने घेतला, आणि जिथे ते श्वास घ्यायचे तिथे तीही थांबली. गुरुजींच्या घशातून तिच्या मागे आवाज आला. शब्द नव्हता. पण जागा बरोबर होती. तिने पुढचा म्हटला. तोंड कुठेही वाकडं केलं नाही, मान कलवली नाही. अक्षर न येणाऱ्या बाईने पूर्ण वंदना पुढे होऊन म्हटली आणि ते मागून आले.

मेणबत्ती विझवल्यावर ती माझ्याकडे वळली.

"नर्सबाई," ती म्हणाली, "बसा. गोळीची वेळ झाली का पाहा."

झाली होती. मी गोळी कुटायला घेतली, सावकाश.